मेप चांगला, तरी माल संपतो: बायस, मेप आणि सेफ्टी स्टॉक यांचा हिशेब

प्रश्न: मी भिवंडीच्या एका गोदामातून जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या मालाचे नियोजन पाहतो. आमचा मेप दहा टक्क्यांच्या आत आहे आणि सेफ्टी स्टॉकही सूत्राने, ९५ टक्के सर्व्हिस लेव्हल धरून काढलेला आहे. तरीही काही माल सारखा संपतो आणि काहींचा ढीग साचतो. मेप आणि बायस यांवरून सेफ्टी स्टॉक नेमका कसा दुरुस्त करायचा?

उत्तर: आपल्या वर्णनावरून मला पहिली शंका बायसची, म्हणजे अंदाज सतत एकाच बाजूला चुकण्याची, येते, कारण मेप चांगला असताना एकच माल पुन्हा पुन्हा संपणे आणि दुसरा पुन्हा पुन्हा साचणे हे एकतर्फी चुकीचे ठळक लक्षण आहे. मेप म्हणजे प्रत्येक आठवड्याची चूक त्या आठवड्याच्या विक्रीच्या टक्क्यांत मांडून काढलेली सरासरी, आणि ती काढताना प्रत्येक चुकीचे चिन्ह पुसले जाते. त्यामुळे अंदाज कधी वर, कधी खाली चुकणारा माल आणि दर आठवड्याला खालीच चुकणारा माल हे दोन्ही त्या आकड्यात सारखेच दिसू शकतात. गोदामाच्या दृष्टीने मात्र ते दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि सेफ्टी स्टॉक, म्हणजे अंदाज चुकला तर कामी यावा म्हणून ठेवलेला जादा साठा, हे त्यांपैकी एकाच आजारावरचे औषध आहे.

सूत्रांपेक्षा एका मालाचा हिशेब पुढे ठेवतो, कारण तो मी स्वतः चुकवलेला आहे. माल होता अर्धा किलो बेसनाची पाकिटे, मोजणी पेट्यांत. कारखान्याकडे मागणी नोंदवल्यापासून माल गोदामात उतरेपर्यंत चार आठवडे लागत. आठ आठवड्यांचे आकडे असे होते (चूक म्हणजे विक्री वजा अंदाज):

| आठवडा | अंदाज | विक्री | चूक |
|---|---|---|---|
| १ | ५०० | ५६० | +६० |
| २ | ५०० | ५३० | +३० |
| ३ | ५२० | ६०० | +८० |
| ४ | ५२० | ५०० | −२० |
| ५ | ५२० | ६१० | +९० |
| ६ | ५४० | ५८० | +४० |
| ७ | ५४० | ६४० | +१०० |
| ८ | ५४० | ५६० | +२० |

चिन्हाबद्दल एक सूचना आधीच देऊन ठेवतो. काही कंपन्यांत चूक ‘अंदाज वजा विक्री’ अशी मांडतात आणि मग अधिक-उण्याचा अर्थ उलटा होतो. दोन विभागांनी दोन पद्धती वापरल्या आणि बैठकीत तासभर एकमेकांचे म्हणणे खोडत बसले, असे मी पाहिले आहे. आपल्या अहवालात कोणती पद्धत आहे ते आधी पाहून घ्यावे.

या तक्त्यावरून मेप ९.३ टक्के येतो. बैठकीत हा आकडा हिरव्या रंगात दाखवला जात होता आणि कोणाला त्यात काही खटकत नव्हते. आता चिन्हासकट बेरीज करा. आठ चुकांची बेरीज +४०० आहे, म्हणजे आठवड्याला सरासरी ५० पेट्या अंदाज कमी पडत होता. हा झाला बायस. चिन्ह सोडून बेरीज केली तर ४४० भरते आणि सरासरी ५५ येते. या सरासरीला मॅड म्हणतात. चुकांच्या चिन्हासकट बेरजेला मॅडने भागले की ट्रॅकिंग सिग्नल मिळतो. येथे ४०० भागिले ५५, म्हणजे ७.३. हा आकडा साधारण अधिक-उणे चारच्या बाहेर गेला की अंदाजात एकतर्फी कल आहे असे समजून चौकशी करावी, असा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. आमच्याकडे तो सातच्या पुढे गेला होता आणि तो कोणी काढतच नव्हते.

सेफ्टी स्टॉक मी नेहमीच्या रीतीने काढला होता. चुकांचे प्रमाण विचलन सुमारे ४० पेट्या. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलसाठी, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा नवा माल येईपर्यंत साठा पुरावा यासाठी, गुणक १.६५, लीड टाइम चार आठवडे, म्हणून त्याचे वर्गमूळ २. गुणाकार १३३ पेट्या. हिशेबात गुणाकाराची चूक एकही नव्हती. चूक होती ती या सूत्राने गृहीत धरलेल्या गोष्टीत. प्रमाण विचलन चुकांच्या स्वतःच्या सरासरीभोवतीचा चढउतार मोजते आणि सूत्र गुपचूप असे धरून चालते की ती सरासरी शून्य आहे. येथे ती शून्य नव्हती, ५० होती.

याचा परिणाम किती मोठा होतो हे चार-चार आठवड्यांचे गट करून पाहावे. पहिल्या चार आठवड्यांत अंदाजापेक्षा १५० पेट्या जास्त गेल्या, पुढच्या चारांत २५०. सेफ्टी स्टॉक होता १३३. म्हणजे दोन्ही वेळा तो पुरणारच नव्हता. चार आठवड्यांत केवळ बायसपोटी सरासरी २०० पेट्यांचा खड्डा पडतो आणि आम्ही तो भरायला १३३ ठेवल्या होत्या. चुका साधारण घंटाकृती पसरतात असे मानून हिशेब केला, तर ९५ टक्क्यांच्या जागी प्रत्यक्ष सर्व्हिस लेव्हल सुमारे २० टक्के भरते. पाच वेळा माल मागवावा आणि त्यातल्या चार वेळा नवा माल येण्याआधी जुना संपावा, अशी ती स्थिती. वितरकांचे फोन का थांबत नव्हते याचे उत्तर मला या एका आकड्यात मिळाले.

अशा वेळी बरेच जण सुचवतात, आणि मीही आधी तेच केले, की प्रमाण विचलनाऐवजी चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, म्हणजे आरएमएसई, वापरावे, कारण त्यात बायसही धरलेला असतो. तो धरलेला असतो हे खरे आहे. बायसचा वर्ग आणि चढउताराचा वर्ग यांची बेरीज म्हणजेच आरएमएसईचा वर्ग. आमच्या बेसनाचा आरएमएसई ६३ पेट्या होता आणि त्याच्या वर्गातला जवळजवळ दोनतृतीयांश भाग एकट्या बायसचा होता. त्यावरून सेफ्टी स्टॉक २०७ पेट्या येतो. पहिल्या चार आठवड्यांची १५० पेट्यांची तूट त्यातून भागली असती, दुसऱ्या गटातली २५० ची नाही. अपेक्षित सर्व्हिस लेव्हल सुमारे ५३ टक्के, म्हणजे नाणे उडवण्यासारखेच.

असे का होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. चढउतार कधी वर, कधी खाली असल्याने अनेक आठवड्यांत तो काही अंशी एकमेकांना खोडतो; म्हणून तो लीड टाइमच्या वर्गमूळाने वाढतो, चार आठवड्यांत दुपटीने. बायस स्वतःला कधीच खोडत नाही. तो आठवड्यागणिक साचत जातो आणि चार आठवड्यांत चौपट होतो. आरएमएसईत बायस घालून नंतर संपूर्ण आकड्याला वर्गमूळाने गुणले, की चौपट वाढणाऱ्या भागाला आपण दुपटीचेच माप लावतो. लीड टाइम जितका लांब तितका हा फरक रुंदावतो. समुद्रमार्गे येणाऱ्या, बारा आठवड्यांच्या मालात तर बायस बारापट साचतो आणि सूत्र त्याला साडेतीनपट धरते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की बायस सेफ्टी स्टॉकच्या सूत्रात कोणत्याही वाटेने शिरू देऊ नये. बायसचा इलाज अंदाजात करावा आणि सेफ्टी स्टॉक केवळ चढउतारासाठी ठेवावा. बेसनाचा अंदाज आठवड्याला ५० पेट्यांनी वाढवला असता, तर तोच १३३ पेट्यांचा सेफ्टी स्टॉक त्याच्या नावाला जागला असता.

आठ आठवडे हा नमुना लहान आहे, तेव्हा ५० पेट्यांचा कल योगायोगाने आला असेल का, ही शंका रास्त आहे. तिच्यासाठी सोपा पडताळा असा: प्रमाण विचलन ४० ला आठच्या वर्गमूळाने भागले की सुमारे १४ येतात. बायस त्या १४ च्या साडेतीन पट आहे. दुपटीच्या आत असता तर मी आणखी काही आठवडे थांबलो असतो. साडेतीन पट म्हटल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता.

एक्सेलमध्ये हे सारे चार-पाच ओळींत होते. चुका `D2:D9` मध्ये आहेत असे धरून:

```
=AVERAGE(D2:D9)
=SUMPRODUCT(ABS(D2:D9))/COUNT(D2:D9)
=SUM(D2:D9)/(SUMPRODUCT(ABS(D2:D9))/COUNT(D2:D9))
=STDEV.S(D2:D9)
=NORM.S.INV(0.95)*STDEV.S(D2:D9)*SQRT(4)
```

क्रमाने बायस, मॅड, ट्रॅकिंग सिग्नल, प्रमाण विचलन आणि सेफ्टी स्टॉक. आपण मागणी आठवड्यातून एकदाच नोंदवत असाल तर शेवटच्या ओळीत ४ ऐवजी ५ घ्यावेत, कारण पुढची संधी येईपर्यंतचा आठवडाही त्याच साठ्यावर काढायचा असतो. काही जुन्या प्रणालींत प्रमाण विचलनाऐवजी मॅडला १.२५ ने गुणलेले आढळेल. वर्गमूळ काढणे महाग होते त्या काळातली ती सोय आहे. बायस शून्याजवळ असेल तर ती चालते. बायस मोठा असेल तर मॅडही फुगतो आणि आरएमएसईचाच दोष मागच्या दाराने आत येतो.

आता तक्त्यातल्या चौथ्या आठवड्याकडे पुन्हा पाहा. आठपैकी तोच एक उणे आहे. त्या आठवड्याची वितरकांची मागणीपत्रे मी नंतर काढून पाहिली, तेव्हा कळले की विक्री ५०० झाली ती मागणी कमी होती म्हणून नव्हे, तर गोदामात बेसन संपले होते म्हणून. मागणी ५७० ची होती आणि ७० पेट्या कापून बिले केली गेली होती. संगणकात विक्री ५०० नोंदली गेली आणि अहवालाने ती अंदाजाच्या बाजूने मोजली. तुटवड्यानेच अंदाजाला बरे दाखवले, असा हा उलटा प्रकार आहे.

५०० च्या जागी ५७० घातले की चित्र कसे बदलते ते मला आजही शिकवण्याजोगे वाटते. आठही चुका अधिक होतात. बायस ५० वरून जवळपास ५९ वर जातो. मेप ९.३ वरून ९.९ होतो, म्हणजे अहवालात कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका. मात्र प्रमाण विचलन ४० वरून २९ वर उतरते आणि चढउतारासाठी लागणारा सेफ्टी स्टॉक १३३ वरून ९६ वर येतो. त्या एका खोट्या आकड्याने बायस लहान आणि चढउतार मोठा दाखवला होता. रोग लपवला आणि चुकीच्या औषधाची मात्रा वाढवली. म्हणून कोणतेही माप काढण्यापूर्वी माल शून्यावर असलेले दिवस वेगळे काढावेत आणि तेथे विक्रीऐवजी मागणीपत्रातला आकडा धरावा. मागणीपत्रे जपलेली नसतील तर तो आठवडा हिशेबातून वगळावा. निदान तो खोटे तरी बोलणार नाही.

बायसचे कारण आमच्या बाबतीत साधे निघाले. त्या तिमाहीत कल्याण-डोंबिवली पट्ट्यात एक नवा वितरक जोडला गेला होता आणि अंदाज मात्र मागच्या दोन वर्षांच्या सरासरीवर चालला होता. विक्री विभागाला हे ठाऊक होते. नियोजनाला कोणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर नियोजनाने विचारलेही नव्हते. कारण सापडले की अंदाज तेथेच दुरुस्त होतो. कारण सापडेपर्यंत मात्र वितरकांना ताटकळत ठेवता येत नाही, म्हणून तात्पुरती भर घालावी लागते: लीड टाइमचे आठवडे गुणिले बायस, येथे ५० च्या हिशेबाने २०० पेट्या. ही भर सेफ्टी स्टॉकच्या रकान्यात मिसळू नये. ती स्वतंत्र ओळीत, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत ठेवली हे लिहून ठेवावी.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण मी ती मिसळली होती. अंदाज दुरुस्त झाला, बायस शून्याजवळ आला आणि २०० पेट्या सेफ्टी स्टॉकमध्ये तशाच राहिल्या. आता त्याच चुकीची भरपाई दोनदा होत होती, एकदा अंदाजात आणि एकदा साठ्यात. बेसन टिकण्याची मुदत मोजकी आणि निम्मी मुदत उलटलेला माल वितरक उतरवून घेत नाहीत. काही महिन्यांनी त्यातला बराच माल सवलतीत काढावा लागला. त्या वेळी कोणीही बायसचे नाव घेतले नाही. ‘सेफ्टी स्टॉक फार ठेवता’ एवढेच ऐकून घ्यावे लागले.

आपल्याकडे ज्या मालाचा ढीग साचतो त्याची गोष्ट याच्या उलट असणार. विक्रीचे उद्दिष्टच अंदाज म्हणून नियोजनात येते आणि चूक दर आठवड्याला उणे राहते, हे त्याचे नेहमीचे कारण. समजा चढउतार बेसनाइतकाच, ४० पेट्यांचा आहे आणि बायस उणे ४०. तर चार आठवड्यांत १६० पेट्या अंदाजातूनच जास्तीच्या येतात. येथे आरएमएसई वापरणे तर आणखी हास्यास्पद ठरते. तो सुमारे ५७ येतो आणि सेफ्टी स्टॉक १८७ सांगतो, म्हणजे आधीच माल जास्त येतो म्हणून आणखी माल ठेवा असा त्याचा सल्ला. दोन्ही मिळून ३४७ पेट्या उशाला राहतात, गरज १३३ ची असताना. वर्गात गेल्यावर अधिक-उणे उरत नाही, त्याचे हे फळ. अशा मालाचा सेफ्टी स्टॉक कापून ढीग कमी करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण उद्दिष्ट बदलले की बायस नाहीसा होईल आणि कापलेला साठा तेव्हा हवा असेल.

मेपबद्दल थोडे. सेफ्टी स्टॉकच्या सूत्राला पेट्या हव्या असतात, टक्के नकोत. विक्री आठवड्याआठवड्याला सारखी असेल तर मेप गुणिले सरासरी विक्री हे मॅडच्या जवळ जाते. बेसनाचे ५३ येतात, मॅड ५५ होता. विक्री खालीवर होणारी असेल तर हा पूल कोसळतो, कारण भागाकार प्रत्यक्ष विक्रीने होतो आणि मंद आठवड्यातली छोटी चूकही टक्क्यांत अवाढव्य दिसते. विक्री शून्य असेल तर भागाकारच होत नाही.

त्याहून घातक गोष्ट अशी की मेप स्वतःच बायस तयार करतो. एखादा माल अर्धे आठवडे २० आणि अर्धे आठवडे १०० पेट्या जातो असे समजा. सरासरीचा, म्हणजे ६० चा अंदाज दिला तर मंद आठवड्यात चूक २०० टक्के, तेजीत ४० टक्के, मेप १२० टक्के. सरळ २० चा अंदाज दिला तर मंद आठवड्यात शून्य, तेजीत ८० टक्के, मेप ४० टक्के. विक्रीच्या खाली अंदाज दिला तर चूक शंभर टक्क्यांपलीकडे जाऊच शकत नाही. वर दिला तर तिला मर्यादा नाही. नियोजकाची कामगिरी मेपवर मोजली, किंवा सॉफ्टवेअरला मेप सर्वांत कमी करणारी पद्धत निवडायला सांगितले, की अंदाज हळूहळू खाली सरकतो आणि माल संपू लागतो. तुलना करायचीच असेल तर एकूण चिन्हरहित चूक भागिले एकूण विक्री हे माप बरे. बेसनासाठी ते ४४० भागिले ४५८०, म्हणजे ९.६ टक्के. मात्र ते प्रत्येक मालाचे वेगळे काढावे. सगळ्या मालांची बेरीज करून काढलेल्या आकड्यात एका मालाचे अधिक आणि दुसऱ्याचे उणे एकमेकांत मुरतात, आणि आपला दहा टक्क्यांच्या आतला मेप तसा काढलेला नाही ना, हे एकदा तपासून घ्यावे.

अंदाज कोणत्या तारखेचा धरता तेही तपासा. आदल्या आठवड्यात सुधारलेला अंदाज अहवालात छान दिसतो, पण कारखान्याकडे मागणी गेली ती चार आठवड्यांपूर्वीच्या अंदाजावर. सेफ्टी स्टॉकला त्या गोठवलेल्या अंदाजाची चूक लागते, आणि ती बहुधा मोठी असते.

आपल्या दोन्ही प्रकारच्या मालांचे निदान आठ ते बारा आठवड्यांच्या आकड्यांवर करावे, आधी तुटवड्याचे आठवडे स्वच्छ करून. ट्रॅकिंग सिग्नल चारच्या बाहेर असलेल्या मालांचा अंदाज दुरुस्त करावा आणि तोवर त्यांच्या सेफ्टी स्टॉकला हात लावू नये. आत असलेल्या मालांना नव्या प्रमाण विचलनावरून सेफ्टी स्टॉक लावावा. अंदाज आज दुरुस्त केला तरी पुढचे चार आठवडे जुन्या अंदाजावर मागवलेलाच माल येत राहील, तेव्हा संपणारा माल संपतच राहील आणि ढीगही काही काळ वाढेल. हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे. नाही तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी घाबरून सेफ्टी स्टॉक दुप्पट करतो आणि पाचव्या आठवड्यात दुरुस्त अंदाजाचा माल त्यावर येऊन पडतो.